रोलरचे पाचशे फेरे



शाळेच्या गणितात एक उदाहरण वर्षानुवर्षे येते. रोलरचा व्यास ८४ सेंटिमीटर आणि लांबी १२० सेंटिमीटर आहे. मैदान एकदा सपाट करायला त्याचे ५०० फेरे होतात, तर मैदानाचे क्षेत्रफळ किती? तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे सोडवले असेल. आज आपण त्याच उदाहरणात जरा मुक्काम करू आणि रोलर घेऊन खरोखरच मैदानावर उतरू.

सुरुवात रोलरच्या अंगापासून करू. रोलरच्या कडेला चुन्याची एक रेघ ओढा. रेघ जमिनीला टेकलेली असताना रोलर ओढायला लागा आणि ती पुन्हा टेकली की थांबा. एवढ्यात रोलर परिघाइतका पुढे सरकलेला असतो. परीघ म्हणजे २२/७ गुणिले ८४, अर्थात २६४ सेंटिमीटर. खात्री करायची असेल तर रोलरभोवती सुतळी गुंडाळून मोजा, त्याला सूत्राचीही गरज नाही. आता मागे वळून पाहा. दाबलेल्या मातीचा एक आयत पडलेला दिसेल, २६४ सेंटिमीटर लांब आणि १२० सेंटिमीटर रुंद. रोलरवर ओला कागद गुंडाळून तो सोलून जमिनीवर पसरला असता तर नेमका एवढाच भरला असता. हेच वृत्तचितीचे वक्रपृष्ठफळ: ३१,६८० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ३.१६८ चौरस मीटर. दोन बाजूंची वर्तुळे जमिनीला कधीच टेकत नाहीत, म्हणून ती हिशेबात येत नाहीत. एकूण पृष्ठफळ घेणारा विद्यार्थी इथेच फसतो आणि मैदान २१३८ चौरस मीटरवर नेऊन ठेवतो.

३.१६८ ला ५०० ने गुणले की १५८४ चौरस मीटर. गुंठ्यांत सांगायचे तर साडेपंधरा गुंठ्यांहून थोडे अधिक. गुंठ्यांत करून पाहण्याची सवय मला फार उपयोगाची वाटते. चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना दहा हजारांऐवजी शंभराने भागले तर उत्तर १,५८,४०० येते. हे मैदान ३९ एकरांचे झाले! एवढ्या रानावर रोलर ओढणारा माणूस डोळ्यांसमोर आणला की चूक लगेच कळते.

आता आकडे उलटे फिरवू. १५८४ चौरस मीटरचे मैदान ४४ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद आहे असे धरा. रोलर लांबीच्या दिशेने ओढला तर एका पट्ट्याची रुंदी १.२ मीटर. ३६ मीटरमध्ये असे बरोबर ३० पट्टे बसतात. एका पट्ट्यात ४४ भागिले २.६४, म्हणजे १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेरे. तीस पट्ट्यांचे फेरे पाचशे. सूत्राने दिलेला आकडा इथे तंतोतंत भेटतो आणि ओढणाऱ्याची चाल होते १३२० मीटर.

पण त्याच मैदानावर रोलर रुंदीच्या दिशेने ओढून पाहा. ४४ मीटरमध्ये १.२ मीटरचे पट्टे ३६ पूर्ण बसतात आणि वर एक अर्धवट उरतो. तो अर्धवट पट्टाही पूर्ण रोलरनेच दाबावा लागतो, रोलर कापून घेता येत नाही. म्हणून पट्टे ३७, प्रत्येकात १३.६४ फेरे, एकूण जवळजवळ ५०५. क्षेत्रफळ तेच, रोलर तोच, तरी पाच फेरे वाढले. वक्रपृष्ठफळाला मैदानाचा आकार आणि ओढण्याची दिशा ठाऊक नसते. त्याने दिलेला आकडा म्हणजे कमीत कमी लागणारे फेरे.

आणि मैदान राखणारा माणूस पट्ट्याला पट्टा अगदी चिकटवून ओढत नाही. तसे केले तर दोन पट्ट्यांच्या मध्ये मातीची बारीक वरंबी उभी राहते, कारण रोलरच्या कडेखालची माती थोडी बाजूला सरकते. म्हणून पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवतात. वीस सेंटिमीटर चढवला तर पहिल्या पट्ट्यानंतर प्रत्येक पट्टा फक्त एक मीटर नवी जमीन घेतो. पहिल्याचे १.२ मीटर गेले की ३४.८ मीटर उरतात, म्हणजे आणखी ३५ पट्टे. एकूण ३६ पट्टे आणि ६०० फेरे. पुस्तकातल्या पाचशेला शंभर फेऱ्यांची ही भर पडते. त्यामानाने पाय ची किंमत २२/७ घेतल्याने पडणारा फरक नगण्य आहे: पाचशे फेऱ्यांत एका फेऱ्याच्या पाचव्या भागाइतका. पुस्तकात व्यास ८४ घेतला तो सातने भाग जावा म्हणून, आणि ती सोय मला मान्य आहे.

जागा लहान असेल तर ही भर आणखी बोचते. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटर १२ सेंटिमीटर लांब आणि ३ मीटर ५ सेंटिमीटर रुंद असते. क्षेत्रफळाला वक्रपृष्ठफळाने भागले तर उत्तर येते १९.४ फेरे. पण ३.०५ मीटरच्या रुंदीत १.२ मीटरचे अडीचहून थोडे जास्त पट्टे बसतात, म्हणजे तीन ओढावेच लागणार. एका पट्ट्यात ७.६२ फेरे, तिन्ही मिळून जवळजवळ २३. म्हणून मी म्हणेन, मैदानावरचा हिशेब करताना आधी पट्टे मोजा, अर्धवट पट्टा पूर्ण धरा, मगच फेऱ्यांनी गुणा. खेळपट्टीवर डाव सुरू होण्याआधी रोलर फिरवायला नियमाने जास्तीत जास्त सात मिनिटेच मिळतात. तिथे साडेतीन फेरे म्हणजे थोडी गोष्ट नव्हे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो माझ्या विशेष जिव्हाळ्याचा. व्यास निम्मा, ४२ सेंटिमीटर, आणि लांबी दुप्पट, २४० सेंटिमीटर असा दुसरा रोलर घ्या. वक्रपृष्ठफळ तेच, ३.१६८ चौरस मीटर. ४४ बाय ३६ च्या मैदानावर पट्टे १५ होतात, प्रत्येकात ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे, एकूण पुन्हा पाचशे. चाल मात्र निम्मी, ६६० मीटर. कागदावर हा रोलर सरसच ठरतो.

पण माती दबते ती वजनाने. दोन्ही रोलर पोकळ आहेत आणि पाण्याने भरले आहेत असे समजा. लोखंडाचे वजन सोडून देऊ. पहिल्यात ६६५ लिटर पाणी मावते, दुसऱ्यात त्याच्या निम्मे, कारण घनफळात त्रिज्येचा वर्ग येतो. पहिल्याचे ६६५ किलो १२० सेंटिमीटर लांबीवर टेकतात, म्हणजे दर सेंटिमीटरला साडेपाच किलो. दुसऱ्याचे ३३३ किलो दुप्पट लांबीवर पसरतात, म्हणजे दर सेंटिमीटरला १.४ किलो. फेरे समान, दाब चौथाई. शिवाय लहान व्यासाचा रोलर ढेकळावर चढण्याऐवजी ते पुढे ढकलत नेतो. पाण्याऐवजी दुसऱ्या रोलरमध्ये काँक्रीट ओतले तर वजन सुमारे ८०० किलो होते, तरी दर सेंटिमीटरला ३.३ किलोच पडतात. पाण्याने भरलेल्या जाड रोलरची बरोबरी तेव्हाही होत नाही.