गेला महिना की गेले साल?



‘शेकडा पंधरा वाढ झाली’ असे कोणी सांगितले म्हणजे आपण मान डोलावतो. परंतु हे वाक्य अर्धेच आहे. वाढ कशाच्या मानाने झाली, हे जोवर सांगितलेले नाही, तोवर त्या पंधराला काही अर्थ नाही. मागच्या महिन्याच्या मानाने वाढ ही एक गोष्ट, आणि मागच्या वर्षीच्या ह्याच महिन्याच्या मानाने वाढ ही दुसरी गोष्ट. दोन्ही हिशेब अचूक असतात आणि तरीही दोघांची उत्तरे एकमेकांच्या अगदी उलट येऊ शकतात. मग खरे कोणाचे मानायचे? आज आपण एक उदाहरण घेऊन हे पाहू.

असे समजा की एका गावात दूध सोसायटी आहे. नोव्हेंबरच्या आरंभी सभासदांची सभा भरली आहे. विषय एकच : कर्ज काढून मोठा बल्क कूलर घ्यावा की नाही. सचिव उठतात आणि सांगतात, “मंडळी, सप्टेंबरात आपले संकलन ११,१६० लिटर होते. ऑक्टोबरात ते १२,८३४ लिटर झाले. एका महिन्यात शेकडा पंधरा वाढ! असेच चालले तर आपली जुनी टाकी पुरायची नाही.” सभेला आनंद होतो. कोणी म्हणते, काढा कर्ज.

एवढ्यात मागे बसलेले एक गृहस्थ विचारतात, “अहो, गेल्या साली ऑक्टोबरात किती होते?” सचिव वही उघडतात. गेल्या ऑक्टोबरात संकलन होते १४,२६० लिटर. म्हणजे यंदा १,४२६ लिटर कमी. शेकडा दहा घट!

आता पाहा, सचिव खोटे बोलले नव्हते. पंधराची वाढही खरी आणि दहाची घटही खरी. फरक आहे तो तुलनेचा. दूध हा ऋतूप्रमाणे वाढणारा आणि आटणारा माल आहे. पावसाने हिरवा चारा येतो, म्हशी बहुधा पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत वितात, आणि दूध वाढत जाते. हा दुधाचा पुष्टकाळ. उन्हाळ्यात चारा वाळतो, जनावरे आटतात, तो कृशकाळ. तेव्हा सप्टेंबरापेक्षा ऑक्टोबरात दूध अधिक आले, ह्यात सोसायटीची कर्तबगारी किती आणि ऋतूची देणगी किती, हे नुसत्या महिन्याच्या तुलनेतून कळत नाही. ज्येष्ठात कोरडी असलेली विहीर भाद्रपदात भरली, म्हणून आपण झरा फुटला असे म्हणत नाही.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबराशी तुलना केली म्हणजे ऋतू दोन्ही पारड्यांत सारखाच पडतो आणि उरतो तो खरा फरक. म्हणून ज्या गोष्टीला हंगाम आहे, तिची तुलना मागच्या सालच्या त्याच महिन्याशी करणे न्याय्य. भाजीचे भाव, दूध, एस.टी.ची उतारू-संख्या, मजुरीची मागणी ह्या साऱ्या गोष्टी ह्याच जातीच्या.

आणखी एक बारकी गोष्ट सचिवांच्या पंधरात दडली आहे. सप्टेंबराचे दिवस तीस, ऑक्टोबराचे एकतीस. तेव्हा रोजची सरासरी काढू. सप्टेंबरात रोज ३७२ लिटर, ऑक्टोबरात रोज ४१४. वाढ झाली ४२ लिटरांची, म्हणजे शेकडा सव्वाअकरा. पंधरातले जवळजवळ पावणेचार एका जादा दिवसाने दिले होते! फेब्रुवारीच्या बाबतीत हा घोटाळा वर्षाच्या तुलनेतही होतो. २०२४ चा फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा होता, २०२५ चा अठ्ठावीस. रोजचे दूध तेवढेच राहिले, तरी २०२५ च्या फेब्रुवारीत महिन्याची बेरीज शेकडा साडेतीनने कमी दिसणार. म्हणून महिन्यांची गाठ घालण्यापूर्वी दिवसांनी भागावे.

बरे, महिन्याची तुलना मग अगदीच टाकाऊ का? तसे नाही. तिला एक सोबतीण द्यावी म्हणजे ती उपयोगी पडते. गेल्या साली सप्टेंबरात रोजचे दूध ४०० लिटर होते आणि ऑक्टोबरात ४६०. म्हणजे ऋतूने गेल्या साली शेकडा पंधरा वाढ दिली, यंदा दिली सव्वाअकराच. आता सचिवांची ‘वाढ’ कशी दिसते? ती वाढ नेहमीपेक्षा उणी आहे.

आता सभेने कर्जाचे काय करावे? एका महिन्याच्या घटीवरूनही निकाल देऊ नये. तीन महिने मागे जाऊ. गेल्या सालच्या मानाने ऑगस्टात घट होती शेकडा तीन, सप्टेंबरात सात, ऑक्टोबरात दहा. तूट वाढत चालली आहे. आता कारण शोधायचे. सभासदच दुसऱ्या डेअरीकडे गेले, की गोठ्यातच दूध कमी झाले? ह्यासाठी सभासदांची संख्या पाहावी. गेल्या साली दूध घालणारे ९२ होते, म्हणजे माणशी रोज पाच लिटर. यंदा ९० आहेत, म्हणजे माणशी ४.६ लिटर. माणसे जवळजवळ तेवढीच आहेत. उणीव गोठ्यात आहे. कदाचित पाऊस उशिरा आला, चारा उशिरा आला, वेत लांबले. तसे असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात ही तूट भरून येऊ लागेल. ती भरली नाही, तर जनावरे विकली गेली किंवा गाभण राहिली नाहीत, असे समजून तिकडे लक्ष द्यावे. कूलरचे कर्ज दोन महिने थांबल्याने काही बिघडत नाही. पण आटत्या दुधावर काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र कृशकाळातही भरावा लागतो.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. त्याच सोसायटीत सभासद सरकी पेंडीची पोती घेतात. समजा, गेल्या डिसेंबरापर्यंत पोते हजार रुपयांना होते. जानेवारीत ते बाराशे झाले, आणि तेव्हापासून भाव हललेला नाही. ऑक्टोबरात कोणी गेल्या ऑक्टोबराशी तुलना केली, तर उत्तर येईल शेकडा वीस महागाई. ऐकणाऱ्याला वाटेल, पेंड चढतेच आहे, आजच चार पोती भरून ठेवू. पण मागच्या महिन्याशी पाहिले, तर वाढ शून्य! भाव चढला तो जानेवारीत, एकदाच. वर्षाची तुलना ही बारा महिन्यांत काय झाले त्याची एकूण गोळाबेरीज सांगते. त्यात कोणत्या महिन्यात काय घडले, हे सांगत नाही. पुढच्या जानेवारीत हीच तुलना शून्य दाखवील, आणि कोणी म्हणेल, “महागाई संपली.” पण पोते तर बाराशेलाच असेल. महागाईचा दर शून्य झाला म्हणजे भाव उतरले असे नव्हे. फक्त आणखी चढले नाहीत, एवढेच. वर्तमानपत्रात आणि आकाशवाणीवर महागाईचा जो दर सांगतात, तो बहुधा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढलेला असतो. तो ऐकताना हे ध्यानी ठेवावे.

तेव्हा नियम असा : ज्याला हंगाम नाही, किंवा नुकतेच काही वळण लागले आहे की काय हे जाणायचे आहे, तेथे मागच्या महिन्याशी तुलना करावी. एकच महिना फसवू शकतो, म्हणून सलग तीन-चार महिने पाहावेत.

वर्षाच्या तुलनेची आणखी एक खोड आहे. गेल्या साली त्या महिन्यात काही विपरीत घडले असेल, तर तराजूचे मापच खोटे ठरते. २०२० च्या एप्रिलात देशभर टाळेबंदी होती, कारखाने बंद होते. देशाच्या कारखानदारीचे उत्पादन मोजण्याचा जो सरकारी निर्देशांक आहे, तो २०१९ च्या एप्रिलात १२६.५ होता, तो २०२० च्या एप्रिलात ५४ वर आला. घट शेकडा सत्तावन्न. २०२१ च्या एप्रिलात पहिल्या अंदाजाप्रमाणे तो १२६.६ झाला. वर्षाच्या तुलनेने ही वाढ शेकडा एकशे चौतीस! ऐकणाऱ्याला वाटावे की देश दुपटीहून पुढे गेला. पण दोन वर्षांपूर्वीच्या आकड्याशी लावून पाहा : १२६.५ आणि १२६.६. गाडी होती तेथेच परत आली होती. खड्ड्यातून वर येणाऱ्याची उंची खड्ड्याच्या तळापासून मोजू नये. गेले साल दुष्काळाचे, रोगराईचे किंवा बंदीचे असेल, तर एक साल ओलांडून त्यामागच्या बऱ्या सालाशी तुलना करावी.

आणि आपले सण तर इंग्रजी महिन्यांना जुमानीतच नाहीत. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन गेले १२ नोव्हेंबरवर. सोसायटीच्या तुपाचा खप दिवाळीपूर्वी वाढतो. २०२३ च्या ऑक्टोबराची २०२२ च्या ऑक्टोबराशी गाठ घातली, तर खप घसरला असे दिसेल. नोव्हेंबराची घातली, तर उसळला असे दिसेल. दोन्ही खोटे. अशा वेळी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर दोन्ही मिळून बेरीज करावी आणि मागच्या सालच्या दोहोंच्या बेरजेशी ताडून पाहावी.

शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. शेकडेवारी शिकवताना फळ्यावर दोन ओळी आखा : वर गेले साल, खाली हे साल, आणि प्रत्येकीत बारा महिन्यांची घरे. गावातल्या सोसायटीकडून दुधाचे चोवीस आकडे आणा आणि रोजची सरासरी काढून घरे भरा. मग मुलांना आडवी तुलना करू द्या, ती महिन्याची. आणि उभी तुलना करू द्या, ती वर्षाची. आडव्या ओळीत ऋतू चढताना-उतरताना दिसेल, उभ्या जोडीत खरा फरक दिसेल. जेथे दोन्हींची उत्तरे उलट येतील, तेथे थांबून मुलांनाच कारण विचारा. उत्तर बहुधा गोठ्यात किंवा पंचांगात सापडेल.

आणि सभेत उद्या कोणी टक्के सांगू लागले, की आपण दोनच प्रश्न विचारावेत : “हे कशाच्या मानाने?” आणि “ते साल, तो महिना, नेहमीसारखा होता का?” ह्या दोहोंची उत्तरे मिळाल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नये.