राजा घाटाची भिंत आणि अभियंत्याचा हिशेब

काशीचा राजा घाट अमृतराव पेशव्यांच्या नावाशी जोडलेला आहे. अशा घाटाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव समोर आला, तर स्थापत्य अभियंत्याकडून मालकाने काय समजून घ्यावे, हा या व्याख्यानाचा विषय.

पहिला प्रश्न कामाच्या व्याप्तीचा. घाटाची लांबी सांगून ती कळत नाही. पाणी किती चढते ते कळावे लागते. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे आणि १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत गेले. म्हणजे धोक्याच्या खुणेवर उभ्या राहिलेल्या उंच माणसाच्याही डोक्यावरून पाणी वाहत होते.

तथापि भिंतीला खरा धोका पूर ओसरताना असतो. नदी झपाट्याने उतरते. भिंतीमागच्या मातीत मुरलेले पाणी मात्र सावकाश निघते. हा फरक चार मीटरचा असेल, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकट्या पाण्याचा रेटा सुमारे आठ टन पडतो. दहा मीटर भिंतीवर तो ऐंशी टन होतो. सांध्यांतून माती वाहू लागणे, दगड बाहेर फुगणे, पायरी पोकळ वाजणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी सांधे सिमेंटने घट्ट बुजवले, तर भिंत नीटनेटकी दिसते, पण पाण्याची वाट बंद होऊन रेटा वाढतो. योग्य उपाय म्हणजे भिंतीत निचऱ्याची छिद्रे, त्यांच्या मागे खडी-वाळूची गाळणी आणि सांध्यांत चुना.

दुसरा प्रश्न परवानगीचा. गंगाकाठच्या २०० मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामावर न्यायालयीन निर्बंध आहेत. म्हणून ‘परवानगी मिळेल’ एवढ्यावर समाधान मानू नये. मंजुरी दुरुस्तीची आहे की नव्या बांधकामाची, हे विकास प्राधिकरणाच्या कागदावर पाहावे. मंजुरी लांबली, तर पावसाळ्यापूर्वीचे कोरडे महिने हातचे जातात आणि अर्धवट उघडी भिंत पुराच्या तोंडी सापडते.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. ‘एकही अपघात नाही’ हे वाक्य अपुरे आहे. चाळीस मजूर रोज आठ तास, असे दोनशे दिवस राबले, तर ६४,००० तास होतात. अपघातांचा दर मात्र दहा लाख तासांमागे मोजतात. एवढ्या लहान कामात एक अपघात झाला तर दर पंधरावर जातो, न झाला तर शून्य राहतो. दोन्ही आकड्यांवरून सवयी कळत नाहीत. त्यापेक्षा थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंदवही मागावी. दीड मीटरहून खोल खणलेल्या चरीला आधार दिला होता का, पाण्यालगतच्या मजुरांना जीवरक्षक जाकिटे होती का, हे तीत दिसते. ती वही कोरी असेल, तर बहुधा धोका नव्हता असे नव्हे. कोणी तो लिहून ठेवला नाही, एवढेच.