बारकोडमागचं नाव
(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

मंडळी, संयोजकांनी मला विषय दिला तो दाखल्यांचा. तहसील कचेरीत नोकरी झालेल्या माणसाला दुसरा विषय कोण देणार! पण दाखले अनेक आहेत, त्यातला एकच आज घेतो. प्रवेशाच्या फॉर्मसोबत लागणारा वय, राष्ट्रीयत्व व अधिवास दाखला. आपण त्याला ‘डोमिसाईल’ म्हणतो.

आपल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. अशाच एका घरातली मुलगी. जन्म कोइमतूरचा, सातवीपर्यंतची शाळा तिथेच, चुलत्याकडे राहून. आईवडील मात्र धंदा बसल्यामुळे बरीच वर्षं आधी गावी परतलेले. मुलगी आठवीला इथे आली, दहावी-बारावी इथूनच पास झाली. इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायचा तर डोमिसाईल हवं. सेवा केंद्राबाहेरच्या एका एजंटाने तिची कागदपत्रं चाळली आणि म्हणाला, “दहा वर्षांचं वास्तव्य लागतं, तुमच्या मुलीचं पाचच भरतंय. सरळ मार्गाने होणार नाही. दोन दिवसांत करून देतो.”

मुलीचे वडील माझ्या ओळखीचे. ते मला विचारायला आले होते की, “अण्णा, एजंटापेक्षा तुमच्या ओळखीनेच एक करून द्या की.” मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं ते सांगतो, कारण त्यात नैतिकतेपेक्षा यंत्रणेचा भाग जास्त आहे.

पूर्वी दाखला हाताने लिहिलेला असायचा. त्यावर गोल शिक्का आणि जावक क्रमांक असे. खरा की खोटा हे पाहायचं तर ज्या कचेरीचा दाखला, तिथली जावक नोंदवही काढावी लागे. पत्र जायचं, उत्तर यायला महिने लागायचे आणि तोवर मुलगा दुसऱ्या वर्षाला गेलेला असायचा. बनावट दाखल्याचा धंदा या दिरंगाईवर जगला. आता दाखला ‘आपले सरकार’ पोर्टलवरून निघतो, त्यावर तहसीलदारांची डिजिटल सही असते आणि बारकोडखाली एक क्रमांक असतो. छाननी केंद्रावरचा माणूस शिक्का बघतच नाही. तो क्रमांक पोर्टलवर टाकतो आणि त्या क्रमांकाचा मूळ दाखला पडद्यावर उघडतो.

बनावट करणारा क्रमांक कुठून आणणार? मनाने लिहिला तर पोर्टलवर काहीच सापडत नाही. म्हणून हुशार एजंट कुणाचा तरी खरा दाखला घेतो, नाव आणि फोटो बदलतो, बारकोड तसाच ठेवतो. कागद हातात घेतलात तर तुम्हा-आम्हाला फरक कळणार नाही. पण पडद्यावर भलत्याच माणसाचं नाव येतं, कधी तर तो क्रमांक उत्पन्नाच्या दाखल्याचा निघतो. तिथे “साहेब, समजून घ्या” म्हणायला जागा उरत नाही.

आणि प्रकरण कागद परत येऊन संपत नाही. खोटी माहिती किंवा खोटा कागद दिल्याचं नंतर कधीही उघड झालं तरी प्रवेश रद्द होतो, मग मुलगी तिसऱ्या वर्षाला का असेना. कायद्याचं म्हणाल तर 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 336 नुसार फसवणुकीसाठी केलेल्या बनावट दस्तऐवजाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. कलम 340 तर आपल्या कामाचं आहे: बनावट आहे हे माहीत असून दस्तऐवज खरा म्हणून वापरला, तर वापरणाऱ्याला बनवणाऱ्याइतकीच शिक्षा. एजंट मोबाईल बंद करून मोकळा होतो. फॉर्मवर सही मुलीची आणि वडिलांची असते.

आता त्या मुलीचं पुढे काय झालं ते ऐका, कारण गंमत तिथे आहे. एजंटाने तपासले ते फक्त मुलीचे कागद. मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. अर्जदार अज्ञान असेल तर वास्तव्याचा पुरावा वडिलांचा पाहतात, आणि वडील अकरा वर्षं गावात होते! म्हणजे जो दाखला ‘होणार नाही’ म्हणून खोटा घ्यायला निघाले होते, तो त्यांच्या हक्काचाच होता. मुलगी ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण करणार होती. त्यानंतर तिच्या स्वतःच्या वास्तव्याचे पुरावे मागितले असते आणि काम अवघड झालं असतं. म्हणून अर्ज लगेच टाकायला सांगितलं.

कागद जमवताना एक समजून घ्या. आजचा पत्ता दाखवणं वेगळं आणि दहा वर्षं इथेच होतो हे दाखवणं वेगळं. आधार कार्ड पहिलं करतं, दुसरं करत नाही. दुसऱ्यासाठी तारीख असलेले जुने कागद लागतात. या घरात अकरा वर्षांपूर्वीचं वीजबिल निघालं, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या निघाल्या आणि मतदारयादीत वडिलांचं नाव होतं. मधली दोन वर्षं रिकामी होती. ती धाकट्या मुलाच्या शाळेच्या बोनाफाईडने भरली, कारण त्यावर पालकाचं नाव आणि गावचा पत्ता होता. तलाठ्याचा रहिवासी दाखला जोडला. मुलीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दोघांचे आधार, शिधापत्रिका, फोटो आणि स्वयंघोषणापत्र, एवढ्यावर अर्ज झाला.

तलाठ्याच्या दाखल्यावरून आठवलं. छाननीत परत येणाऱ्या कागदांत असे पुष्कळ असतात जे खोटे नसतात, फक्त वेगळे असतात. तलाठ्याचा किंवा ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला हा अधिवासासाठीचा एक पुरावा झाला, तो अधिवासाचा दाखला नव्हे. नगरसेवकाच्या लेटरहेडबद्दल तर मी बोलतच नाही.

अर्ज एकदा परत आला. शिधापत्रिकेवर वडिलांच्या नावात ‘दत्तात्रय’ आणि आधारवर ‘दत्ता’. हे दोघे एकच, असं प्रतिज्ञापत्र जोडून पुन्हा पाठवला. परत आलेल्या अर्जावर कारकुनाने शेरा लिहिलेला असतो, तो लोक वाचतच नाहीत. ‘रिजेक्ट झालं’ एवढंच डोक्यात जातं आणि एजंटाची आठवण होते. शेरा बहुधा नावातला फरक, न वाचता येणारं स्कॅन किंवा मधल्या वर्षांची पोकळी, एवढ्याचाच असतो. तिन्हीवर इलाज आहे.

दाखला मिळाला. तो मिळाला नसता तरी इंजिनिअरिंगसाठी दुसरी वाट होती, तीही सांगून ठेवतो. दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेल्या आणि इथेच जन्मलेल्या किंवा इथला अधिवास असलेल्या उमेदवाराला ‘टाईप ए’ म्हणतात. त्यात न बसणाऱ्याच्या आईचा किंवा वडिलांचा अधिवास दाखला असेल तर तो ‘टाईप बी’मध्ये येतो. मुलगा महाराष्ट्रात जन्मला असेल आणि दोन्ही परीक्षा इथूनच दिल्या असतील, तर जन्माच्या पुराव्यावरही काम होऊ शकतं. वैद्यकीयचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत, तिथे उमेदवाराचा स्वतःचा अधिवास पाहतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या मुलाचं कसं झालं यावर न जाता आपल्या अभ्यासक्रमाची माहितीपुस्तिका उघडा.

शेवटी मुदतीचं. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे आणि या दाखल्यासाठी पंधरा दिवसांची मुदत ठरलेली आहे. जूनमध्ये कचेरीत अर्जांचा ढीग पडतो, म्हणून बारावीची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच अर्ज टाका. अर्जाची पावती सांभाळा, मुदत त्या तारखेपासून मोजतात. पंधरा दिवसांत दाखला आला नाही किंवा कारण न पटणारं दिलं, तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्यानंतर दुसरं, आणि मग राज्य सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपिलाच्या अर्जात पावतीचा क्रमांक आणि कारकुनाचा शेरा जसाच्या तसा उतरवा.