टाळू आणि टेप



"डॉक्टर, बाळाच्या डोक्यात पाणी झालंय म्हणतात." मिरजेत लहान मुलांचा दवाखाना चालवणाऱ्याच्या कानावर हे वाक्य अधूनमधून पडतंच. म्हणणारी आई जतकडची असते, नाहीतर पाटणच्या डोंगरातली, आणि बहुधा सोबत आजी असते. पाणी ‘झालंय’ म्हणजे ते कुठून तरी नव्यानं शिरलं, असा त्यांचा समज असतो. खरं तर पाणी तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या डोक्यात आहे. मोठ्या माणसात मेंदू आणि मज्जारज्जू मिळून ते साधारण १५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका भरल्या कपाएवढं असतं. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात.

हे पाणी साठलेलं नसतं, वाहतं असतं. मेंदूच्या आत चार पोकळ्या आहेत. त्यांच्या भिंतींना बारीक रक्तवाहिन्यांचे झुबके लागलेले असतात आणि ते रक्तातून गाळून, पारखून हे पाणी तयार करतात. तासाला सुमारे २० मिलिलिटर, दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर. दीडशे मिलिलिटरच्या जागेत रोज अर्धा लिटर येतं, याचा अर्थ सगळं पाणी दिवसातून तीनेक वेळा बदलतं. बाळात हे आकडे लहान असतात, पण हिशेब तोच.

वाट अशी आहे. डाव्या-उजव्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी मधल्या तिसऱ्या पोकळीत उतरतं. तिथून एका अरुंद बोळातून चौथ्या पोकळीत जातं. हा बोळ मोठ्या माणसातही जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंद असतो. चौथ्या पोकळीला तीन भोकं आहेत. त्यांतून बाहेर पडलेलं पाणी मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या बाहेरून फिरतं आणि मुख्यतः डोक्याच्या माथ्यावरच्या मोठ्या शिरेत परत रक्ताला मिळतं. शोषणाच्या आणखीही वाटा आहेत हे अलीकडे लक्षात येऊ लागलंय, पण आजच्या गोष्टीला एवढं पुरे.

गोम अशी की पुढची वाट बंद झाली तरी पाणी तयार होणं थांबत नाही. खोडशीच्या बंधाऱ्यातून निघालेला कृष्णा कालवा वाटेत कुठं तुंबला, तर वरच्या अंगाची शिवारं भरतात आणि खालची रिकामी राहतात. कुठलं शिवार भरलंय ते पाहून जाणता पाटकरी घरबसल्या सांगतो, कचरा कुठं अडकलाय. डोक्याचा फोटो वाचतानाही नेमकं हेच करायचं असतं.

समजा, जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर ३४ सेंटिमीटर होता. पहिले तीन महिने डोकं महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतं. म्हणजे दीड महिन्याच्या लसीला घेर ३७ च्या आसपास हवा आणि अडीच महिन्यांच्या लसीला ३९ च्या. या बाळाचा भरला आधी साडेअडतीस, मग ४२. घरचे म्हणतात, बापावर गेलंय, त्याचंही डोकं मोठंच आहे. हे अगदीच चुकीचं नाही. काही घरांत डोकी मोठीच असतात, म्हणून मी बापाच्या डोक्यालाही टेप लावतो, आणि बाप लाजतो. पण घराण्याचं मोठं डोकं आपल्या चालीनं वाढतं. या बाळाच्या वाढीनं चालच सोडली आहे.

मग टाळू पाहायची. बाळाला मांडीवर बसतं धरून, ते शांत असताना. रडताना किंवा आडवं असताना कुणाचीही टाळू थोडी वर येते, आणि ती उडते यात काही वावगं नाही. बसलेल्या, शांत बाळाची टाळू मात्र फुगीर आणि ताठ लागली, डोक्यावरच्या शिरा ठळक दिसू लागल्या, हाडांमधल्या फटी बोटाला रुंद जाणवल्या, तर थांबायचं नाही. डोळ्यांची बुबुळं खाली ओढल्यासारखी होऊन वर पांढरं दिसू लागतं, ते बहुधा पाठोपाठ येतं. बाळाची कवटी जुळलेली नसते, म्हणून ती पसरते आणि दाब काही काळ झेलते. याच कारणानं बाळ बरेच दिवस बरं दिसतं आणि सगळ्यांची फसगत होते.

टाळू उघडी असेपर्यंत तिच्यातूनच सोनोग्राफी होते. सुई नाही, भूल नाही. आपल्या या बाळाच्या दोन्ही मोठ्या पोकळ्या फुगलेल्या निघाल्या, तिसरीही फुगलेली, चौथी मात्र नेहमीएवढी. आता पाटकऱ्यासारखं बोट ठेवा: अडथळा तिसरी आणि चौथीच्या मधल्या बोळात. एमआरआयनं तेच दाखवलं, बोळ जन्मतःच अरुंद.

याउलट चारही पोकळ्या फुगलेल्या असतील तर अडथळा बहुतेक वेळा पुढे, मेंदूच्या बाहेर असतो. आपल्याकडे याचं एक मोठं कारण म्हणजे मेंदूच्या आवरणाचा क्षय. सांगली-मिरजेला क्षयाची ओळख जुनी आहे. मिरजेला रुग्णालय उभारणाऱ्या वानलेस डॉक्टरांच्या नावाची वानलेसवाडी क्षयाच्या इस्पितळामुळंच माहीत झाली. या आजारात मेंदूच्या तळाशी घट्ट चिकट स्राव साचतो आणि पाण्याची वाट बुजते. मुलाला आठ-पंधरा दिवस बारीक ताप, चिडचिड, मग डोकेदुखी, उलट्या, गुंगी. चार-पाच वर्षांच्या मुलाची कवटी जुळलेली असते, ती पसरून दाब झेलू शकत नाही. म्हणून इथं टेप काही सांगत नाही आणि वेळही कमी मिळतो. निदानासाठी पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की घरचे घाबरतात, मूल अधू होईल म्हणतात. सुई टोचतात ती मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली. काढलेलं तीन-चार मिलिलिटर पाणी काही मिनिटांत भरून येतं. पाणी काढण्याआधी डोक्याचा फोटो मागतात, तो मात्र उगाच नव्हे: वाट आतच अडली असेल तर खालून पाणी काढणं धोक्याचं ठरू शकतं.

आता इलाज. नेहमीचा इलाज शंट. पोकळीपासून कानामागून, मानेच्या आणि छातीच्या कातडीखालून पोटापर्यंत एक बारीक नळी, मध्ये एक झडप. पाणी पोटात शोषलं जातं. मूल उंच होणार म्हणून पोटात नळीची जादा लांबी सोडून ठेवतात. उत्तर प्रदेशात शहाजहानपूरला बनणारा छाब्रा शंट आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात आहे. युगांडातल्या मुलांमध्ये त्याची कितीतरी पट महागड्या परदेशी शंटशी तुलना झाली, तेव्हा वर्षाअखेरीस दोन्हींत फरक आढळला नाही. खर्चाच्या चिंतेनं जिल्ह्याबाहेर जाणं टाळणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. दुसरा मार्ग दुर्बिणीचा: तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून अडलेल्या बोळाला बगल द्यायची. नळी ठेवावी लागत नाही. पण फार लहान बाळात हे छिद्र बुजण्याचा संभव जास्त, म्हणून आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला बहुधा शंटच बसेल.

शंट बसला म्हणजे काम संपलं, असं नाही. लहान मुलांत बसवलेल्या दहापैकी तीन-चार शंट पहिल्याच वर्षात तुंबतात किंवा त्यांत जंतू शिरतात. तेव्हा पुन्हा उलट्या सुरू होतात, मूल झोपाळू होतं, टाळू परत ताठ होते. जंतू असतील तर ताप येतो. गावात याला पोट बिघडलं किंवा दात येतायत म्हणून चार दिवस काढले जातात. शंट असलेल्या मुलाच्या उलटीला आधी शंटचीच उलटी समजा आणि त्याच दिवशी मिरज, कऱ्हाड, जिथं मेंदूचा सर्जन असेल तिथं गाठा. सोबत ऑपरेशनचा कागद न्या, कुठली झडप बसवली ते त्यावर लिहिलेलं असतं.

आणि ज्यांच्या घरात आत्ता पाळणा हलतोय त्यांच्यासाठी एक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण दोन महिन्यांच्या बाळाला सहा महिने थांबायला वेळ नसतो. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला तुम्ही उपकेंद्रात जाताच. तिथं सिस्टरना म्हणा, कपाळाच्या पुढच्या उंचवट्यावरून आणि मागच्या फुगवट्यावरून एकदा टेप लावा आणि आकडा कार्डावर लिहा.