शके, संवत आणि दोन पाडवे

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानावर, महिन्याच्या नावाशेजारी, बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले असतात. एक शालिवाहन शकाचा, दुसरा विक्रम संवताचा. आपण ते सहसा वाचत नाही. पण कधी लक्ष देऊन पाहिलंत, तर एक गंमत दिसेल. २०२५ च्या ऑगस्टच्या पानावर शके १९४७ आणि संवत २०८१ होतं. दोहोंत फरक १३४ वर्षांचा. त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या पानावर शके १९४७ च राहिलं, पण संवत मात्र २०८२ झालं. फरक १३५ वर्षांचा. आणि ऑगस्टमध्येच कुणी काशीचं पंचांग उघडलं असतं, तर त्यात संवत २०८२ आधीच लागलेलं होतं.

ही छपाईची चूक नाही. तिन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या दिवशी बदलतो.

आपल्याकडे शक बदलतो तो चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे गुढीपाडव्याला. विक्रम संवत बदलतं ते कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला. महाराष्ट्रात आणि गुजरातेत संवताची ही कार्तिकी गणना चालते. व्यापारी मंडळींच्या नव्या वह्या दिवाळीत सुरू होतात, त्या याच हिशेबाने. उत्तर हिंदुस्थानात मात्र संवतही चैत्रातच बदलतं. त्यामुळे चैत्रापासून आश्विनापर्यंतचे सात महिने उत्तरेचं संवत आपल्यापेक्षा एकाने पुढे असतं आणि दिवाळीच्या पाडव्याला आपण त्यांना गाठतो.

मग १३५ वर्षांचा मूळ फरक आला कुठून? त्याचं उत्तर सोपं आहे. या दोन गणनांचे आरंभ वेगळे आहेत. विक्रम संवताचा आरंभ इसवी सनापूर्वी ५७ च्या सुमाराचा, शकाचा इसवी सन ७८ चा. या दोन टोकांमधलं अंतर १३५ वर्षांचं. नावांची गोष्ट मात्र आकड्यांइतकी सरळ नाही. विक्रम संवताच्या जुन्या शिलालेखांत विक्रमाचं नाव नाही. तिथे या गणनेला आधी ‘कृत’ आणि मग ‘मालव’ म्हटलं आहे. मंदसोरच्या लेखात मालवगणांची ४९३ वर्षं झाल्याचा उल्लेख आहे, तो याच गणनेचा. विक्रमाचं नाव तिला नंतर चिकटलं. शकाचंही तसंच. पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या शक क्षत्रपांच्या लेखांत आणि नाण्यांवर ही गणना चालू राहिली. बदामीच्या चालुक्यांच्या लेखात ४६५ हे वर्ष शकवर्ष म्हणून स्पष्ट नोंदलेलं आहे. ‘शालिवाहन’ हे नाव त्यापुढे कितीतरी शतकांनी आलं. ज्या शकांशी सातवाहन लढले, त्या शकांच्या गणनेला आपण सातवाहनांचं नाव देऊन बसलो आहोत.

आता शकाच्या आकड्याचा नेमका अर्थ पाहू. शके १९४७ म्हणजे शकाचं चालू असलेलं एकोणीसशे सत्तेचाळिसावं वर्ष नव्हे. १९४७ वर्षं पुरी झाली आणि पुढचं चालू आहे, असा त्याचा अर्थ. आपण वय सांगतो ना, तसं. मूल पाच वर्षांचं आहे म्हणजे पाच पुरी झाली आणि सहावं चालू आहे. इंग्रजी सनाचा आकडा मात्र चालू वर्षाचा असतो. शकाला ही गत वर्षांची रीत लागली ती ज्योतिष्यांच्या सोयीमुळे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ शके १४४२ हा आरंभ धरतो. पंचांगकर्ता त्यावरून गणित करायला बसला, की पहिली पायरी म्हणजे चालू शकातून १४४२ वजा करायचे. आरंभापासून किती वर्षं उलटली, हे त्यातून मिळतं आणि त्यावरून दिवस मोजले जातात. गणिताला हवी असतात उलटलेली वर्षं. म्हणून पंचांगाच्या मुखपृष्ठावर तीच छापली जातात.

शकावरून इसवी सन काढताना बहुतेक जण ७८ मिळवतात. नऊ महिने हे बरोबर येतं, तीन महिने चुकतं. कारण गुढीपाडवा मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि इंग्रजी वर्ष जानेवारीत बदलतं. पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे. १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. पौषाचा काही भाग, माघ आणि फाल्गुन हे महिने या दुसऱ्या खात्यात पडतात.

याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांची जन्मतिथी. जेधे शकावलीत ही नोंद शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. इथे कुणी सरळ ७८ मिळवले, तर १६२९ येतं. पण महिना फाल्गुन आहे, म्हणजे शकवर्ष संपत आलेलं आहे आणि इंग्रजी वर्ष बदलून गेलेलं आहे. म्हणून ७९ मिळवायचे: १६३०. आता ही बेरीज बरोबर आहे हे कसं ताडायचं? नोंदीतल्या वारावरून. त्या तिथीला त्या काळच्या जुन्या ज्यूलियन गणनेनुसार १९ फेब्रुवारी १६३० येते आणि त्या दिवशी शुक्रवारच होता. १६२९ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला शुक्रवार येत नाही. ती तारीख सोमवारच्या आसपास पडते. एका आकड्याची चूक वार लगेच पकडून देतो.

दुसरा साक्षीदार म्हणजे संवत्सराचं नाव. आपल्याकडे साठ संवत्सरांचं चक्र चालतं: पहिलं प्रभव, दुसरं विभव, तिसरं शुक्ल, असं पुढे. शकाच्या आकड्यात १२ मिळवा आणि ६० ने भागा. उरेल तो त्या वर्षाच्या संवत्सराचा क्रमांक. १५५१ मध्ये १२ मिळवले की १५६३. साठने भागून उरतात ३, म्हणजे शुक्ल. नोंदीत नेमकं तेच नाव आहे. राज्याभिषेकाचा शक १५९६. त्यात १२ मिळवून भागलं, तर ४८ उरतात आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. म्हणजे महिना-तिथीबरोबर वार आणि संवत्सर लिहिण्याची जुनी पद्धत ही नुसती शोभा नव्हती. आकडा लिहिताना किंवा नक्कल करताना चुकला, तर तो त्यातून सुधारता येत असे. उत्तरेकडे मात्र संवत्सरांची मोजणी वेगळी आहे. हा हिशेब तिकडच्या कागदाला लावू नये.

विक्रम संवतात घोटाळा याहून सहज होतो, कारण तिथे पाडवाच दोन. गुजरात-राजस्थानात ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जाणारा भीषण दुष्काळ पडला, तो संवत १९५६ चा. १८९९ मध्ये पावसाने दडी मारली. उत्तरेच्या चैत्री गणनेत १९५६ हे संवत त्या वर्षीच्या चैत्रातच लागलं होतं. म्हणजे कोरडा गेलेला श्रावण हा संवत १९५६ चा श्रावण. गुजराती वहीत मात्र तोच श्रावण संवत १९५५ चा. १९५६ लागलं ते १८९९ च्या दिवाळीनंतर. गुजराती वहीतला श्रावण १९५६ म्हणजे १९०० चा पावसाळा. आता अशी कल्पना करा, की एखाद्या जुन्या कर्जखतावर फक्त ‘श्रावण, संवत १९५६’ एवढंच आहे. हे कर्ज दुष्काळ सुरू होताना काढलं, की एक वर्ष होरपळून झाल्यावर? कागद कुठे आणि कोणत्या रीतीने लिहिला हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही. कार्तिक ते फाल्गुन या महिन्यांत ही अडचण नाही. तेव्हा दोन्ही गणनांचा आकडा एकच असतो.

उत्तरेत आणखी एक पेच आहे. तिथले महिने पौर्णिमेला संपतात. म्हणून होळीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा चैत्र सुरू होतो, पण वर्ष बदलतं ते पंधरा दिवसांनी, शुद्ध प्रतिपदेला. चैत्राचा वद्य पक्ष जुन्या संवतात आणि शुद्ध पक्ष नव्या संवतात. आपण ज्याला फाल्गुन वद्य म्हणतो, तेच त्यांचं चैत्र वद्य.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवलेले फ्रान्झ कीलहॉर्न यांनी एकोणिसाव्या शतकात कितीतरी शिलालेखांतल्या विक्रम संवताच्या तारखा अशाच वारावरून ताडून पाहिल्या. कार्तिकी वर्ष हेच या गणनेचं मूळ वर्ष असावं आणि चैत्री वर्षाचा प्रसार शकाच्या प्रभावाने हळूहळू वाढला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो मानला, तर आपली दिवाळीची रीत जुनी ठरते.

शेवटी सरकारी शकाबद्दल. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिचा आकडा शकाचाच, पण महिने सौर; चंद्राशी त्यांचा संबंध नाही. तिचा चैत्र दर वर्षी २२ मार्चला, आणि इंग्रजी लीप वर्ष असेल तर २१ मार्चला सुरू होतो. गुढीपाडवा मात्र चंद्राबरोबर मागेपुढे सरकतो. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आला. मधले आठ दिवस सरकारी कागदावर शके १९४७ आणि पंचांगात १९४६ होतं. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला. तेव्हा तीन दिवस पंचांग पुढे आणि सरकारी शक मागे. म्हणून राजपत्रातली शकाची तारीख पंचांगात तिथी म्हणून शोधू नये. ती सापडणार नाही.

घरात आजोबा-पणजोबांचा एखादा कागद निघाला, जन्मटिपण असेल, खरेदीखत असेल, तर आकडा पाहून लगेच बेरीज-वजाबाकी करू नका. आधी शके आहे की संवत ते पाहा, मग महिना पाहा, संवत असेल तर कागद कुठला ते पाहा. आणि वार लिहिलेला असेल, तर इसवी सनाची तारीख काढून तो जुळतो का ते ताडा. वार जुळला नाही, तर बहुतेक वेळा चूक बरोबर एका वर्षाची निघते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)