सटीप संदर्भसूचीचे गुणांकन

शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला भाग 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची नोंद करतो. अमुक ग्रंथ अस्तित्वात आहे, तो कोणी लिहिला, कोठे व केव्हा छापला, एवढे या सूचीने सांगितले की तिचे काम पुरे होते. ग्रंथ विश्वसनीय आहे की नाही, हे ती सांगत नाही. तशी अपेक्षाही नाही. सटीप संदर्भसूची मात्र निराळी असते. ती एका विशिष्ट प्रश्नासाठी रचलेली असते आणि त्या प्रश्नाच्या संदर्भात प्रत्येक साधनाचे मोल ठरविणे हे तिचे प्रयोजन होय. गुण देणारा अध्यापक पुष्कळदा हा भेद विसरतो. नीटनेटक्या सारांशाला तो चांगले गुण देतो आणि विद्यार्थीही मग सारांशच लिहू लागतात.

हा भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भिलाईतील हुडको वसाहतीत राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने असा प्रश्न घेतला आहे असे समजू : भिलाईचा पोलाद कारखाना आल्यानंतर आसपासच्या गावांतील लोकांच्या श्रमजीवनात कोणता बदल झाला? कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार 1955 मध्ये झाला आणि पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली. विद्यार्थ्याच्या सूचीत रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील 1916 चा चार खंडांचा ग्रंथ आहे, तसाच जोनाथन पॅरी यांचा भिलाईच्या कामगारांवरील 2020 चा ग्रंथही आहे.

रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथावर तो प्रथम असे टिपण लिहितो : ‘या ग्रंथात मध्य प्रांतातील जातींची वर्णानुक्रमे माहिती असून त्यांचे व्यवसाय, चालीरीती व विवाहपद्धती दिल्या आहेत.’ यात चूक काहीच नाही. परंतु अनुक्रमणिका चाळणाऱ्यालाही हे लिहिता येईल. दुसऱ्या खेपेस तो ‘अत्यंत महत्त्वाचा व अभ्यासपूर्ण ग्रंथ’ अशी भर घालतो. ही भर मूल्यमापनासारखी दिसते खरी, पण ती कोणत्याही ग्रंथाला चिकटविता येते. तिसरे टिपण असे : ‘ग्रंथ सरकारी मानववंशशास्त्रीय पाहणीतून सिद्ध झाला असून त्याची बरीचशी माहिती अधिकारी व शिक्षक यांच्याकडून आलेली आहे. तो करारापूर्वी जवळजवळ चाळीस वर्षे छापला गेला. म्हणून बदल दाखविण्यास निरुपयोगी, पण बदलाआधीचे परंपरागत व्यवसाय समजण्यास उपयोगी. त्याची मांडणी जातीवार आहे. पॅरी मात्र कायम नोकरीतील कामगार आणि असुरक्षित मजूर यांच्यातील दरीला प्राधान्य देतात. माझ्या प्रश्नाला ही दुसरी विभागणी अधिक लागू पडते.’

प्रत्येक नोंदीस दहा गुण ठेवल्यास दोन ग्रंथतपशिलाच्या अचूकतेला, दोन आशयाला आणि सहा मूल्यमापनाला द्यावेत. हे सहा गुण तीन प्रश्नांवर समान वाटावेत. लेखकाला ही माहिती कशी मिळाली? ती कोठपर्यंत ग्राह्य आहे? आणि या सूचीतील इतर साधनांच्या तुलनेत ती विद्यार्थ्याच्या प्रश्नाला कितपत उपयोगी आहे? ग्रंथतपशील बिनचूक असतील तर पहिल्या टिपणाला चार गुण मिळतात. दुसऱ्यालाही चारच, विशेषणांना गुण नाहीत. तिसऱ्याला नऊ द्यावेत. माहिती कोणाकडून आली हे त्यात सांगितले आहे, पण ते ग्रंथात कोठे आढळते हे दाखविलेले नाही. म्हणून एक गुण कमी.

नकारात्मक शेऱ्यालाही हीच कसोटी लावावी. ‘ग्रंथ जुना आहे’ किंवा ‘लेखक परकी राजवटीचा अधिकारी होता’ एवढ्याने मूल्यमापन होत नाही. जुनेपणामुळे किंवा अधिकारपदामुळे नेमकी कोणती माहिती वाकडी झाली, हे सांगितले तरच गुण द्यावेत. उलट, निष्कर्ष परीक्षकाला न पटणारा असला तरी पुराव्याला धरून असेल तर त्याचे गुण कापू नयेत. अन्यथा विद्यार्थी साधनांऐवजी परीक्षकाचे मत वाचू लागतील.

या पद्धतीची एक अडचण आहे. सारांश तपासण्यास ग्रंथाची तोंडओळख पुरते. मूल्यमापन तपासण्यास परीक्षकाने तो ग्रंथ स्वतः पाहिलेला असावा लागतो. तीस नोंदींच्या सूचीत ते शक्य होत नाही. म्हणून नोंदी आठ-दहाच मागाव्यात आणि त्यांपैकी कोणत्याही दोन निवडून विद्यार्थ्याला विचारावे : हे मत ग्रंथातील कोणत्या भागावरून बनले? ज्याने ग्रंथ वाचला आहे तो पान उघडून दाखवितो. ज्याने केवळ वेष्टनावरील मजकूर वाचला आहे, तो आपलेच टिपण पुन्हा वाचून दाखवितो.