जिभेखालची वाट आणि यकृताचा नाका

सन १८७९ मध्ये विल्यम मरेल या लंडनच्या तरुण डॉक्टराने 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात नायट्रोग्लिसरीन या द्रव्यासंबंधी एक लेखमाला लिहिली. सुरुंगाच्या दारूत वापरल्या जाणाऱ्या या स्फोटक तेलाचा शरीरावर काय परिणाम होतो याविषयी त्या काळी डॉक्टरांत तीव्र मतभेद होते. एक पक्ष म्हणे की दोन थेंबांनी माणूस मूर्च्छित होतो, तर दुसरा पक्ष म्हणे की काहीच होत नाही. मरेलच्या खिशात नायट्रोग्लिसरीनचे शंभरांत एक भाग तीव्रतेचे द्रावण होते. एके दिवशी रुग्ण तपासता तपासता चव पाहावी म्हणून त्याने बाटलीचे ओले बूच जिभेला लावले, आणि तेवढ्यात नवा रुग्ण आत आल्यामुळे ती गोष्ट तो साफ विसरला. परंतु काही क्षणांतच त्याचे डोके ठणकू लागले आणि नाडी इतक्या जोराने उडू लागली, की हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी हातातील लेखणी हिसके खाऊ लागली. पुढे हेच द्रव्य त्याने हृदयशूलाच्या रुग्णांना दिले आणि त्यांना उतार पडलेला पाहिला. ते आज जवळजवळ दीडशे वर्षांनंतरही त्याच कामासाठी वापरले जाते, आणि आजही ते मुख्यत्वे जिभेखालीच ठेवावे लागते. हीच गोळी पाण्याबरोबर गिळली तर काय बिघडते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उत्तर शोधण्यासाठी गिळलेल्या गोळीचा मार्ग डोळ्यांसमोर आणला पाहिजे. जठर आणि आतडे यांतून शोषले गेलेले औषध थेट हृदयाकडे जात नाही. पचनमार्गाच्या बहुतेक भागातील रक्त ज्या एका मोठ्या शिरेत एकत्र होते, ती प्रवेशिका नीला, म्हणजेच डॉक्टर मंडळींची पोर्टल व्हेन, ते सारे रक्त प्रथम यकृतात नेऊन सोडते. यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते आणि त्याचा जवळजवळ पाऊण हिस्सा या नीलेतून आलेला असतो. जुन्या नगरपालिकांच्या हद्दीवर जसा जकात नाका असे, आणि शहरात यावयाचा कोणताही माल तेथे थांबून, तपासला जाऊन आणि जकातीपोटी काही भाग गमावूनच पुढे जाई, तशीच अन्नमार्गातून येणाऱ्या प्रत्येक पदार्थाची यकृतात झडती होते. अन्नाबरोबर येणारी विषे सर्व शरीरात पसरण्यापूर्वीच अडवावीत हा त्या तजविजीचा हेतू दिसतो. दुर्दैवाने औषध आणि विष यांत भेद करण्याची सोय तेथे नाही. सर्व शरीराला उपयोग होण्यापूर्वीच पहिल्या फेरीत औषधाची जी अशी कपात होते, तिला प्रथम-संक्रमण चयापचय म्हणतात.

कपात करणारी यंत्रणा म्हणजे यकृताच्या पेशींतील विकरे. त्यांतील सर्वांत मोठे कुटुंब सायटोक्रोम पी-४५० या नावाने ओळखले जाते. ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये हे नाव दिले, कारण कार्बन मोनॉक्साइडशी संयोग झाला असता हे रंगद्रव्य ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश विशेष शोषते. ही विकरे औषधाच्या रेणूला प्राणवायू जोडून तो पाण्यात विरघळेल असा करतात, म्हणजे मूत्रावाटे किंवा पित्तावाटे त्याची रवानगी करता येते. नायट्रोग्लिसरीनची वासलात मात्र मुख्यत्वे दुसऱ्याच विकरांकडे असते. ती ग्लुटाथायोन या द्रव्याच्या साहाय्याने त्याच्या तीन नायट्रेट गटांपैकी एकेक काढून घेतात, आणि एक गट जाताच औषधाचा जोर कितीतरी घटतो. सन १९७०च्या सुमारास फिलिप नीडलमन या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने उंदरांच्या यकृतावर हे काम तपासले, तेव्हा हा विध्वंस किती झपाट्याने होतो ते दिसून आले. माणसामध्ये गिळलेल्या नायट्रोग्लिसरीनपैकी शंभरांत एक भागही मूळ रूपात सार्वदैहिक रक्तापर्यंत पोहोचत नाही.

येथे एखादा चतुर श्रोता विचारील, की शंभरांतील नव्याण्णव भाग वाया जात असतील, तर शंभरपट मोठी गोळी देऊन प्रश्न का सुटू नये? या शंकेत विषयाचे मर्म आहे. एक लहानसे गणित मांडून पाहा. ज्या औषधाचे शंभरांतील दहा भागच यकृत काढून घेते, त्याच्या बाबतीत उद्या काही कारणाने दहाऐवजी आठ भाग गेले, तर रक्तात नव्वदाच्या जागी ब्याण्णव भाग आले, आणि रुग्णाला त्याची दादही लागणार नाही. पण जेथे नव्याण्णव भाग जातात आणि एकच उरतो, तेथे यकृत किंचित मंदावून अठ्ठ्याण्णव भाग गेले, तर उरणारा अंश एकाचा दोन झाला, म्हणजे रक्तातील औषध दुप्पट झाले. अशा औषधाचे भवितव्य उरलेल्या अंशावर लटकत असते, आणि तो अंश माणसागणिक वेगळा असतो, त्याच माणसाच्या बाबतीतही जेवणापूर्वी व जेवणानंतर बदलतो, वयपरत्वे व आजारपरत्वे बदलतो. शंभरपट मोठी गोळी घेऊन एकाचे डोकेही दुखणार नाही आणि दुसरा रक्तदाब घसरून जमिनीवर पडेल. नव्याण्णवाचा हा दाखला टोकाचा आहे हे खरे, पण मध्यम प्रतीच्या कपातीतही हेच गणित कमीअधिक लागू पडते.

तसा एक प्रसंग कॅनडात घडला. डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीबरोबर मद्य घेतल्यास काय होते ते पाहत होते. मद्याची चव कळू नये म्हणून त्यांनी ते ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळून दिले, आणि रक्तात फेलोडिपिनचे प्रमाण अपेक्षेच्या कितीतरी पट निघाले. गुन्हेगार मद्य नव्हते, रस होता, हे त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले. एरवी फेलोडिपिनचा जेमतेम शंभरांत पंधरा भाग रक्तात पोहोचतो. त्याची कपात करणारे पी-४५० कुटुंबातील एक विकर यकृताप्रमाणेच आतड्याच्या अस्तरातही असते, आणि रसातील काही द्रव्ये नेमके तेच निकामी करतात. म्हणून रक्तदाबाच्या वा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर हे फळ वर्ज्य सांगतात. ते आपल्या पपनसापासून निघालेल्या कुळातले असल्यामुळे पपनसाविषयीही डॉक्टरांना विचारून घ्यावे. उलट दिशेचे उदाहरण आपल्याकडे सहज सापडेल. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषध विकरांची संख्या वाढवते, आणि काही दिवसांतच दुसरी औषधे नेहमीच्या मात्रेत कमी पडू लागतात. संततिनियमनाची गोळी अशा वेळी भरवशाची राहत नाही. यकृताचा सिरॉसिस झालेल्या रुग्णात तर रक्त यकृताला बगल देऊन नव्या वाटांनी वाहू लागते. तेथे प्रोप्रानोलोल या औषधाची नेहमीची मात्राही जड जाते आणि नाडी मंदावलेली पाहून डॉक्टर सावध होतात. निरोगी माणसात प्रोप्रानोलोल शिरेतून द्यावयाचे तर एक मिलिग्रॅम सावकाश देतात, आणि तोंडाने देताना चाळीस मिलिग्रॅमची गोळी लिहितात, यावरून नाक्यावर किती माल जातो याचा अंदाज यावा.

आता जिभेखालची वाट पाहू. तेथील अस्तर अतिशय पातळ असून त्याखाली शिरांचे दाट जाळे आहे, आणि त्या शिरांतील रक्त मानेतील मोठ्या शिरेवाटे थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात, तेथून फुप्फुसांत आणि मग डाव्या कप्प्यातून सर्व शरीरात जाते. यकृताची गाठ पडते ती नंतर, आणि तोपर्यंत औषधाने आपले काम सुरू केलेले असते. जिन्याच्या पायऱ्या चढताना छातीत कळ आलेला साठीचा गृहस्थ अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली ठेवतो आणि एक ते तीन मिनिटांत शिरा सैल होऊन हृदयावरील भार उतरतो. नायट्रोग्लिसरीन रक्तात काही मिनिटेच टिकते, पण ते झटक्यापुरते पुरते. या गोळीविषयी एकदोन व्यवहारी सूचना येथे कराव्याशा वाटतात. ती उभ्याने घेऊ नये, बसून घ्यावी, कारण रक्तदाब उतरून भोवळ येते. तोंड कोरडे असेल तर आधी पाण्याचा घोट घ्यावा, नाहीतर गोळी विरघळतच नाही. पाच मिनिटांत कळ न थांबल्यास रुग्णालय गाठण्याची तजवीज करावी. नायट्रोग्लिसरीन उडून जाणारे द्रव्य असल्यामुळे गोळ्या मूळच्या काचेच्या बाटलीतच घट्ट झाकून ठेवाव्यात, कारण प्लॅस्टिकच्या डबीत किंवा कापसाच्या बोळ्यात औषध शोषले जाऊन हाती नुसता खडू उरतो. सिल्डेनाफिलसारखी औषधे घेतलेल्या पुरुषाने ही गोळी मुळीच घेऊ नये.

इंजेक्शनही नाका चुकवते. मॉर्फिनची गिळावयाची मात्रा इंजेक्शनच्या सुमारे तिप्पट ठेवावी लागते. लिडोकेन हे हृदयाची बिघडलेली गती सावरण्यासाठी शिरेतून देतात, कारण गिळल्यास त्याचा बराच भाग यकृतात नष्ट होतो आणि त्याचे जे अवशेष निघतात तेही उपद्रवी असतात. पण सुई दिसली की यकृताला दोष देऊ नये. इन्शुलिन टोचावे लागते कारण ते प्रथिन असून जठर व आतड्यातच त्याचे पचन होते, आणि स्ट्रेप्टोमायसिन टोचावे लागते कारण ते आतड्यातून शोषलेच जात नाही.

त्वचेचीही वाट आहे, आणि ती कारखान्यांत नकळत सापडली. डायनामाइटच्या कारखान्यातील मजुरांना कातडीतून आणि श्वासातून नायट्रोग्लिसरीन जाऊन डोकेदुखी होई. आठवडाभरात ती सरे आणि रविवारच्या सुटीनंतर सोमवारी पुन्हा उठे, म्हणून काही मजूर टोपीच्या पट्टीत थोडे द्रव्य लावून ठेवीत. त्यातून दोन गोष्टी समजल्या: एक, कातडीतून हे औषध आत जाते, आणि दुसरी, सतत मिळाल्यास शरीर त्याला दाद देईनासे होते. म्हणून आज छातीवर लावावयाची नायट्रोग्लिसरीनची पट्टी सामान्यतः रात्री काढून ठेवण्यास सांगतात.

जिभेखाली ठेवली की कोणतीही गोळी लवकर गुणकारी होते, हा समज मात्र धोकादायक आहे. त्या वाटेने जाण्यासाठी औषध थोड्या मात्रेत जोरकस, लाळेत विरघळणारे आणि स्निग्ध पडद्यातून सहज पार होणारे असावे लागते. निफेडिपिन या औषधाच्या बाबतीत हा समज महागात पडला. रक्तदाब अचानक वाढला की त्याची मऊ कुपी फोडून द्रव जिभेखाली टाकण्याची वहिवाट रुग्णालयांतून पडली होती. पुढे मोजमापे घेतली तेव्हा कळले, की तोंडाच्या अस्तरातून ते फारच थोडे जाते आणि परिणाम दिसतो तो लाळेबरोबर गिळलेल्या औषधाचा. तो परिणामही असा बेलगाम, की रक्तदाब एकदम कोसळून काही रुग्णांना पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला. १९९६ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ही वहिवाट बंद करावी असे जाहीरपणे मांडण्यात आले, आणि आता रक्तदाबाच्या आणीबाणीत निफेडिपिनची कुपी अशा रीतीने फोडू नये, असे डॉक्टरांना शिकवतात.